कामाचं घड्याळ आणि डोळ्यांचं घड्याळ

पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. पोमोदोरो नावाची ही पद्धत आता बहुतेकांना ऐकून तरी माहीत असते. त्याच्या जोडीला डोळ्यांचा एक नियम फिरतो: दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवर, वीस सेकंद पाहा. हे दोन्ही नियम एकाच वेळी पाळायला गेलं की गाडी अडते, आणि आठवडाभरात माणूस दोन्हींची आठवण देणारी घड्याळं बंद करून टाकतो. म्हापशात डोळे तपासायच्या खुर्चीशेजारी उभं राहून मी हे पुन्हा पुन्हा ऐकतो. या दोन नियमांचा उगम वेगळा आहे, त्यांचा उपयोगही वेगवेगळ्या थकव्यावर होतो. तेवढं नीट समजलं की ते एकमेकांत बसवता येतात.

पोमोदोरो फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसाची. १९८०च्या दशकाच्या शेवटी तो रोममध्ये शिकत होता. अभ्यासात लक्ष लागेना, म्हणून त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर समोर ठेवलं आणि ते वाजेपर्यंत दुसरं काही करायचं नाही असं ठरवलं. त्यातून पुढे पद्धत आखली गेली: पंचवीस मिनिटांचा एक डाव, मग पाच मिनिटं विश्रांती, आणि चार डाव झाले की पंधरा ते तीस मिनिटांची मोठी सुट्टी. या सगळ्यात डोळे कुठेच नाहीत. विद्यार्थी पुस्तकावर बसला होता आणि प्रश्न होता मन भरकटण्याचा. पंचवीस हा आकडाही शरीरातून आलेला नाही, तो सरावातून ठरला. म्हणून तो तीस केला तर काही बिघडत नाही. पुढे आपण तेच करणार आहोत.

वीस-वीस-वीस मात्र डोळ्यांच्या माणसाने काढला. जेफ्री अँशेल हे कॅलिफोर्नियातले ऑप्टोमेट्रिस्ट. लोकांच्या लक्षात राहावं म्हणून त्यांनी तिन्ही ठिकाणी वीस घातले. म्हणजे एकोणिसाव्या मिनिटापर्यंत डोळा ठीक असतो आणि विसाव्याला बिघडतो, असं काही नाही. दोन आठवडे संगणकावर अशा आठवणी लावून केलेल्या एका अभ्यासात लोकांचा त्रास कमी झाला, पण आठवणी बंद केल्यावर आठवड्याभरात तो फायदा उरला नाही. दुसऱ्या एका अभ्यासात चाळीस मिनिटांच्या वाचनात वेगवेगळ्या अंतराने वीस-वीस सेकंद थांबवून पाहिलं, तेव्हा म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक, वीस हा आकडा धरून बसायची गरज नाही. दोन, सवय आपोआप अंगवळणी पडेल असं समजून आठवण काढून टाकू नये.

आता डोळ्यांचं थकणं. स्क्रीनसमोर डोळ्यांत दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि दोन्हींची लक्षणं वेगळी असतात.

पहिली पापण्यांची. निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण वीसेक वेळा पापण्या मिटतो. जपानमध्ये १९९३ साली कार्यालयातल्या लोकांवर केलेल्या मोजणीत निवांत असताना सरासरी बावीस, पुस्तक वाचताना दहा आणि स्क्रीनवर वाचताना सात असा आकडा आला. त्यातही स्क्रीनपुढच्या बऱ्याच उघडझापी अर्ध्याच असतात. वरची पापणी खाली येते, पण खालच्या पापणीला टेकत नाही. बुबुळावर अश्रूंचा एक अगदी पातळ थर असतो. त्याच्या वरच्या बाजूला तेलकट पापुद्रा असतो, आणि तो पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून येतो. पापणी पूर्ण मिटली की ते तेल बाहेर येऊन पसरतं. ती अर्धीच मिटली तर थर जागोजागी फाटतो, खालचं पाणी उडून जातं आणि डोळा चुरचुरतो, वाळू गेल्यासारखा खुपतो. गंमत म्हणजे अशा कोरड्या डोळ्यांतून पाणीही गळतं, कारण चुरचुरीला उत्तर म्हणून डोळा एकदम पाणी सोडतो. "माझे डोळे कोरडे कसे असतील, सारखं पाणी येतं," असं म्हणणारी माणसं रोज भेटतात.

दुसरी गोष्ट डोळ्याच्या आतल्या स्नायूची. जवळचं पाहायचं तर डोळ्यातलं भिंग फुगवावं लागतं. ते काम एक गोलाकार स्नायू करतो आणि जवळ पाहत आहोत तोवर तो आवळलेलाच राहतो. पिशवी फार जड नसली तरी तासभर हातात धरून उभं राहिलं की खांदा भरून येतो, तसंच इथे होतं. हा भार मोजता येतो. अंतर मीटरमध्ये घ्या आणि एकाला त्याने भागा. साठ सेंटिमीटरवरच्या स्क्रीनला १ भागिले ०.६, म्हणजे सुमारे १.७ डायॉप्टर. वीस फूट म्हणजे सहा मीटर, तिथे फक्त ०.१७. आणि हातातला मोबाईल तीस सेंटिमीटरवर असेल तर ३.३. म्हणजे संगणकावरून डोळे उचलून सुट्टीत मोबाईल पाहिला तर स्नायूवरचा भार दुप्पट झाला. पाच मिनिटांची सुट्टी रील्स पाहण्यात घालवणाऱ्याचं मन कदाचित सुटतं, डोळा मात्र आणखी आवळला जातो.

तुमचा त्रास यातला कुठला, ते घरीच ओळखता येतं. जळजळ, लाली, चुरचुर, आणि दोन-चारदा नीट पापण्या मिटल्या की थोडा वेळ स्वच्छ दिसणं: हे कोरडेपणाचं लक्षण. संध्याकाळी संगणकावरून मान उचलल्यावर समोरच्या दुकानाची पाटी क्षणभर धूसर दिसून मग हळूहळू स्पष्ट होणं, कपाळ आणि भुवया दुखणं: हे स्नायूचं. बहुतेकांना दोन्ही थोडं थोडं असतं. पण कुठलं जास्त आहे हे माहीत असेल, तर वीस सेकंदांत नेमकं काय करायचं ते ठरतं.

माझी भाची म्हापशातच एका सनदी लेखापालाच्या कार्यालयात काम करते. दुकानदारांची खरेदी-विक्रीची बिलं चढवायची, जीएसटीची विवरणपत्रं भरायची. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ अकरा तारखेला, जीएसटीआर-३बी वीस तारखेला. त्यामुळे महिन्याचा मधला भाग धावपळीचा असतो. तिने मोबाईलवर पोमोदोरोचं एक अ‍ॅप लावलं होतं आणि संगणकाच्या ब्राउझरमध्ये डोळ्यांच्या आठवणीचं वेगळं. एकदा डोळे चोळतच ती आली.

"मामा, हे टिंग वाजतं तेव्हा मी नेमकी बिलाच्या मध्येच असते. आकडा अर्धा टाकलेला. मग काय, मी ते दाबून बंद करते."

"आणि पोमोदोरो?"

"त्यानंतर पाच मिनिटांनी तेही वाजतं. सारखं कोण उठणार?"

कागदावर मांडलं तर तिचं म्हणणं बरोबर निघतं. डोळ्यांची आठवण विसाव्या मिनिटाला, कामाची पंचविसाव्या. पाच मिनिटं विश्रांती झाली की तिसावं मिनिट. दुसरा डाव सुरू होऊन दहा मिनिटं झाली की चाळिसाव्याला पुन्हा डोळ्यांची, आणि पंचावन्नाव्याला कामाची. दोन्ही घड्याळं आपापल्या गतीने चालतात. कधी एकमेकांना चिकटून वाजतात, कधी विश्रांतीतच डोळ्यांची आठवण येते. हाताला एकच गोष्ट शिकायला मिळते: आलेली खिडकी बंद करणं.

त्यावरचा उपाय म्हणजे एकाच घड्याळात दोन्ही बसवणं, आणि डोळ्यांची आठवण कामाच्या डावाच्या बरोबर मध्यावर आणणं. आम्ही `Stretchly` हा मोफत प्रोग्रॅम घेतला. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर तो चालतो. त्यात दोन प्रकारची विश्रांती असते, छोटी `Mini Break` आणि मोठी `Long Break`. मुळात तो दर दहा मिनिटांनी वीस सेकंदांची छोटी विश्रांती देतो आणि दोन छोट्या झाल्या की तिसऱ्या खेपेला पाच मिनिटांची मोठी. आकडे बसवताना हे "तिसऱ्या खेपेला" नीट लक्षात ठेवायचं, कारण मोठी विश्रांती छोटीच्याच अंतराने येते, तिचं वेगळं घड्याळ नसतं. आम्ही छोटीचं अंतर पंधरा मिनिटं केलं आणि एका छोटीनंतर मोठी ठेवली. म्हणजे पंधराव्या मिनिटाला वीस सेकंद दूर पाहायचं, तिसाव्याला पाच मिनिटं उठायचं. पंचवीसचे तीस झाले, पण टक्कर संपली.

दुसरी अडचण होती अर्ध्या आकड्याची. ही खरी आहे, कारण बिलाचा क्रमांक टाकता टाकता मध्येच पडदा आला तर चूक होतेच. स्ट्रेचली छोट्या विश्रांतीच्या दहा सेकंद आधी आणि मोठीच्या तीस सेकंद आधी कोपऱ्यात सूचना देतो. ती सूचना म्हणजे थांबायचा आदेश नाही. हातातली ओळ पूर्ण करा, आणि मोठी विश्रांती असेल तर परतल्यावर पहिलं काय करायचं ते चिठ्ठीवर चार शब्दांत लिहा. "मार्च खरेदी, बिल ४१७ पासून" एवढं पुरतं. ही चिठ्ठी मला सगळ्यात मोलाची वाटते. विश्रांतीनंतर "मी कुठे होते?" हे शोधण्यात जो वेळ जातो, त्यामुळेच लोकांना विश्रांती महाग वाटते. ओळ पुरी होत नसेल तर छोटी विश्रांती दोन मिनिटं आणि मोठी पाच मिनिटं, एकदा पुढे ढकलता येते. एकदाच येते हे चांगलं आहे. याच प्रोग्रॅममध्ये ढकलणं आणि वगळणं पूर्ण बंद करायचाही पर्याय आहे. मी तो सुरुवातीला लावू देत नाही, कारण जी आठवण एकदाही हलत नाही ती चौथ्या दिवशी मुळासकट काढली जाते.

आठवण पूर्ण पडद्यावर यावी की कोपऱ्यात? कोपऱ्यातली सूचना पहिले काही दिवस दिसते, मग डोळा तिच्यावरून सरकून जातो, जसा तो बँकेच्या आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या सूचनांवरून सरकतो. डोळ्यांच्या विश्रांतीसाठी पडदा झाकणारी खिडकीच बरी. खिडकी लहान असली आणि तिच्यामागे काम दिसत राहिलं की नजर तिथेच राहते.

काही प्रसंगी मात्र ही खिडकी आडवी येते. विवरणपत्र भरताना ओटीपी आलेला असतो, वेळ मोजून मिळालेला असतो. तेव्हा प्रोग्रॅम तासभर थांबवून ठेवायचा. व्हिडिओ बैठकीत आपला पडदा इतरांना दाखवत असताना खिडकी आली तर सगळ्यांना दिसते. संगणकाची "व्यत्यय नको" स्थिती चालू केली की स्ट्रेचली तोवर गप्प बसतो. आणि एक खोच सहसा लक्षात येत नाही. पाच मिनिटं माऊस किंवा कळफलक हलला नाही तर प्रोग्रॅम समजतो की माणूस उठून गेला, विश्रांती झाली, आणि घड्याळ पहिल्यापासून सुरू करतो. ग्राहक आला आणि तुम्ही खरंच उठलात तर हे छानच. पण लांबलचक पीडीएफ हात न लावता वाचत बसलात तर डोळे ताणलेले असतात आणि घड्याळ मात्र तुम्हाला विश्रांतीवर धरतं. आठवण फारच क्वचित येते असं वाटलं तर आधी हे तपासा. असं वाचन जास्त असेल तर ही सोय बंद करून ठेवता येते.

आता त्या वीस सेकंदांत काय करायचं. खिडकीबाहेर नजर टाका आणि सहा-सात वेळा सावकाश, पूर्ण पापण्या मिटा. वरची पापणी खालच्या पापणीला टेकली पाहिजे, क्षणभर तशीच राहिली पाहिजे. घट्ट आवळायची नाही, आणि डोळे चोळायचे तर मुळीच नाहीत. दूर पाहण्याने स्नायू सुटतो आणि पापण्यांनी थर पुन्हा पसरतो. निव्वळ दूर पाहून पापण्या न मिटणाऱ्या माणसाचा कोरडेपणा तसाच राहतो. नियमाच्या नावात तिन्ही वीस आहेत, पण पापण्या नाहीत, त्यामुळे हा भाग राहून जातो.

वीस फूट कुठून आणायचे, हा इथला नेहमीचा प्रश्न. म्हापसा किंवा पणजीच्या जुन्या इमारतींतली कार्यालयं दहा-बारा फुटांची, आणि पावसाळ्यात झड आत येते म्हणून खिडक्या लावलेल्या. भाचीच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचा माड दिसतो, तिचं काम भागलं. ज्यांना तेही नाही त्यांच्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे फुटांचा हट्ट सोडणं. दहा फुटांवर, म्हणजे तीन मीटरवर, भार ०.३३ डायॉप्टर असतो. सहा मीटरच्या ०.१७ पेक्षा तो दुप्पट वाटतो खरा, पण स्क्रीनच्या १.७ पुढे दोन्ही किरकोळच. खोलीचा पलीकडचा कोपराही चालतो. दुसरा मार्ग आम्ही तपासणीच्या खोलीतच वापरतो, आणि तो म्हणजे आरसा. आमची खोलीही लहानच. म्हणून अक्षरांचा तक्ता आरशात दाखवतो आणि अंतर दुप्पट करतो. समोरच्या भिंतीवर आरसा लावून त्यात आपल्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, तर डोळ्याला तुमच्यापासून आरशापर्यंत आणि आरशापासून कॅलेंडरपर्यंत अशी दोन्ही अंतरं मिळून दिसतात. फक्त आरशाच्या काचेवर किंवा स्वतःच्या चेहऱ्यावर नाही, आतल्या त्या कॅलेंडरवर नजर लावायची.

पाच मिनिटांच्या विश्रांतीत उठायचं, पाणी प्यायचं, जिन्यापर्यंत जाऊन यायचं. मोबाईल टेबलावरच राहू द्यायचा.

सगळा दिवस असा दिसतो. भाची साडेनऊला बसते. तीस मिनिटांचे चार डाव आणि मधल्या तीन पाच-पाच मिनिटांच्या विश्रांती धरून पावणेबारा होतात. तिथे पंधरा मिनिटं चहा. बारा ते साडेबारा पाचवा डाव, पाच मिनिटं विश्रांती, आणि एक वाजेपर्यंत पंचवीस मिनिटांचा शेवटचा छोटा तुकडा, त्यात ती नवीन बिलं घेत नाही, सकाळी टाकलेली पडताळते. मग एक ते तीन दुपारची सुट्टी. आपल्याकडे दुकानं दुपारी बंद होतात याला बाहेरची माणसं हसतात, पण पोमोदोरोची मोठी सुट्टी आपल्या बाजाराने केव्हाच आखून ठेवली आहे. जेवून डोळे मिटून अर्धा तास पडलं तर अश्रूंचा थर आणि आतला स्नायू दोघांनाही पूर्ण सुट्टी मिळते. तेवढ्यात मालिका पाहत बसलं तर मिळत नाही.

तीननंतरची पाळी वेगळी वागते, आणि तक्रारीही जास्त तेव्हाच्याच असतात. एसी चालू असतो, हवा कोरडी होते. झोत थेट चेहऱ्यावर असेल तर कुठलंही घड्याळ पुरत नाही. भाचीच्या बाबतीत आम्ही छताच्या पंख्याखालून टेबल हातभर सरकवलं आणि एसीच्या पात्या वर केल्या. स्क्रीन पुस्तकांच्या ढिगावर उंच ठेवलेला होता, तो खाली आणला. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी, म्हणजे नजर उतरती राहते, पापणी थोडी मिटलेली राहते आणि डोळ्याचा कमी भाग हवेला उघडा पडतो. तिने निळ्या प्रकाशाचा चष्मा घ्यायचं ठरवलं होतं, ते मी थांबवलं. २०२३ साली अशा चाचण्यांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात थकवा कमी होण्याच्या बाबतीत साध्या काचांपेक्षा या काचांचा थोड्या काळात काही फायदा दिसला नाही.

वीस तारखेला ती घड्याळ मोडते, आणि मोडूही दे. तेव्हा मोठी विश्रांती गेली तरी चालेल, पण दर पंधरा मिनिटांनी येणारी छोटी ठेवायची. तिला वीस सेकंदच लागतात आणि त्या दिवशी डोळ्यांवर सर्वांत जास्त ताण असतो.

दोन आठवडे हे नीट चाललं आणि तरीही संध्याकाळी डोकं दुखत असेल, तर त्रास आठवणींचा नाही, नंबराचा असू शकतो. चाळिशी ओलांडलेल्यांत हे फार दिसतं. वाचनाचा चष्मा चाळीस सेंटिमीटरसाठी केलेला असतो आणि स्क्रीन साठ-सत्तरवर असतो. मग माणूस पुढे वाकतो, किंवा दुहेरी काचेच्या खालच्या भागातून पाहायला हनुवटी वर करतो आणि मान दुखायला लागते. एकदम दिसेनासं होणं, डोळा ठणकणं, वस्तू दोन दिसणं, डोळ्यासमोर अचानक चमका किंवा खूप काळे ठिपके येणं, यांतलं काही झालं तर मात्र दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे किंवा बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जायचं. बाकीच्यांनी तपासणीला येताना एक काम करून यावं: नेहमीसारखं बसून, दुसऱ्या कुणाकडून डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजून घ्यावं आणि तो आकडा आम्हाला सांगावा. संगणकाचा नंबर त्या आकड्यावरूनच काढावा लागतो, आणि तो बहुतेक कुणालाच माहीत नसतो.